दुकानाच्या नावाने पंधरा ऑगस्ट

ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला की तालुक्याच्या गावातल्या डीटीपीवाल्याकडे गर्दी होते. किराणावाला, कापडवाला, मेडिकलवाला, सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर पाठवायला आणि शटरशेजारी लावायला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. साचा तयारच असतो. पूर्ण पार्श्वभूमीला फडकता तिरंगा, पांढऱ्या पट्ट्यावर ठळक अक्षरांत दुकानाचं नाव आणि दोन मोबाईल नंबर, एका कोपऱ्यात शिवाजी महाराज आणि गांधीजी, दुसऱ्या कोपऱ्यात वॉर्डातल्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, आणि खाली लाल चांदणीत ‘तेलाच्या डब्यावर खास सूट’. पाच मिनिटांत काम होतं. अशा एका चित्रात किती चुका मावतात, हे मात्र दुकानदाराला कुणी सांगत नाही.

सर्वांत मोठी चूक पांढऱ्या पट्ट्यावर आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा ध्वज म्हणजे नुसतं कापड मानत नाही. ध्वजाचं चित्र, फोटो, रेखाटन हेही त्या कायद्याच्या लेखी ध्वजच. त्याच्यावर काहीही लिहिणं हा त्याच कायद्यात अवमान ठरवला आहे. 2002 ची ध्वजसंहिताही तेच सांगते: ध्वजावर अक्षरं नकोत, आणि कुठल्याही जाहिरातीत ध्वज वापरायचा नाही. म्हणजे चक्राच्या बाजूला ‘घरपोच सेवा उपलब्ध’ असं छापणारा दुकानदार मनाने कितीही देशभक्त असला तरी नियमाच्या पलीकडे गेलेला असतो.

महापुरुषांच्या फोटोचं प्रकरण तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्ध 1950 चा एक कायदा आहे. व्यापारधंद्यासाठी जी नावं आणि चिन्हं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, त्यांची यादी त्याला जोडलेली आहे. त्या यादीत राष्ट्रध्वज आहे, महात्मा गांधी आहेत, पंतप्रधान आहेत आणि छत्रपती शिवाजी महाराजही आहेत. कॅलेंडरला थोडी सवलत दिली आहे, तीही फक्त छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव असेल आणि त्यातून मालाची जाहिरात होत नसेल तर. नुसत्या शुभेच्छा म्हणजे धंदा का, असा वाद घालता येईल. पण त्याच चौकटीत तेलाच्या डब्यावरची सूट आली की वादाला जागा उरत नाही.

पुढाऱ्याचा फोटो कायद्यापेक्षा गल्ल्यावरच जास्त नडतो. दुकानात सगळ्या पक्षांची माणसं उधारी ठेवतात. एकाचा चेहरा छापला की बाकीच्यांना तो निरोप वाटतो, आणि शुभेच्छा बाजूला राहून ‘हा आता कुणाचा झाला’ ही चर्चा पारावर रंगते. रंगांचंही तसंच. नुसत्या भगव्या किंवा नुसत्या हिरव्या पार्श्वभूमीचा अर्थ बघणारा आपल्या सोयीने लावतो. त्यापेक्षा साधी पांढरी पार्श्वभूमी बरी.

आकड्याची गफलत दरवर्षी होते. 15 ऑगस्ट 1947 हा पहिला स्वातंत्र्यदिन. त्यामुळे 2022 मध्ये 75 वर्षं पूर्ण झाली, पण दिन होता 76 वा. हिशेब सोपा आहे: चालू सालातून 1946 वजा केले की कितवा दिन ते निघतं, 1947 वजा केले की किती वर्षं पूर्ण झाली ते. 2026 चा दिन म्हणून 80 वा. गेल्या वर्षीची फाईल उघडून फक्त तारीख बदलणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो. त्याच घाईत कधी ‘प्रजासत्ताक’ हा शब्द जानेवारीतून ऑगस्टमध्ये येऊन बसतो.

ध्वजाचं चित्र टाकायचंच असेल तर ते एकटं, मोकळं आणि बरोबर असावं. लांबी आणि उंचीचं प्रमाण 3 ला 2, तिन्ही पट्टे सारखे, चक्र गडद निळं आणि त्याला 24 आरे. फुकट मिळणाऱ्या चित्रांत आरे सोळा-अठराच असतात, चक्र काळं असतं. एकदा मोठं करून आरे मोजावेत. चित्र छोटं केलं तर मोबाईलवर चक्राचा निळा ठिपका होतो, तोही बरा दिसत नाही. नायजर देशाच्या ध्वजाचे पट्टेही नारिंगी, पांढरा, हिरवा याच क्रमाने आहेत, मधे चक्राऐवजी नारिंगी गोळा. घाईत तोही डाऊनलोड होऊ शकतो. माझं मत विचाराल तर दुकानाच्या शुभेच्छांत ध्वज नकोच. दुकानापुढे काढलेल्या रांगोळीचा फोटो लावला तरी काम भागतं, आणि तो दुसऱ्या कुणाकडे नसतो.

मग देशभक्ती कुठून आणायची? आपल्या धंद्यातून आणि आपल्या गावातून. कापडवाल्याला तर फार लांब जायला नको. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईच्या काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू त्याच ट्रकखाली गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार. नंदुरबारच्या दुकानदाराजवळ शिरीषकुमार आहे. 9 सप्टेंबर 1942 च्या मिरवणुकीत हातात झेंडा असताना या शाळकरी मुलाला पोलिसांच्या गोळ्या लागल्या. एवढी एक ओळ लिहिली तरी वाचणारा थांबतो, आणि तीत कुठला पक्ष येत नाही.

समजा कापड दुकान आहे. मजकूर असा करता येईल:

‘80 व्या स्वातंत्र्यदिनाच्या मनापासून शुभेच्छा. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना 1930 मध्ये प्राण देणाऱ्या बाबू गेनूंची आज कापडाच्या या दुकानातून आठवण. सकाळी ध्वजवंदनाला आम्ही सगळे शाळेच्या मैदानावर आहोत, दुकान अकरा वाजता उघडेल.’

खाली दुकानाचं नाव आणि गाव, बारीक अक्षरांत. नंबर नको, गिऱ्हाइकाकडे तो असतोच. शेवटचं वाक्य तर कामाचंच, कारण सुट्टीच्या दिवशी दुकान उघडं आहे का, हेच लोक फोन करून विचारतात. सूट द्यायची असेल तर ती वेगळ्या चित्रात, वेगळ्या दिवशी. ‘स्वातंत्र्य सेल’ हा शब्द मला तरी ऐकवत नाही, पण तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

खरा ध्वज मात्र दुकानावर जरूर लावावा. डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीपासून पॉलिस्टरचा आणि मशीनवर केलेलाही चालतो, जुलै 2022 पासून रात्रीही ठेवता येतो. केशरी पट्टा वर. उभा टांगला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. फाटका किंवा मळका लावू नये, आणि त्याच काठीला दुकानाची पाटी बांधू नये.

गल्ल्यावर मुलांना वाटायला कागदी झेंडे आणत असाल तर एक खोकंही ठेवा आणि संध्याकाळी झेंडे इथे आणून द्या म्हणून सांगा. कागदी झेंडे जमिनीवर टाकायचे नाहीत. ते इतरांच्या नजरेआड, ध्वजाचा मान राखून नष्ट करावेत, असं ध्वजसंहिताच सांगते.