चालत्या संगणकाचे बायोस : अपडेट कधी करावे, कधी टाळावे

संगणक सुरळीत चालू असताना एखाद्या सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना झळकते: बायोसचे नवे अपडेट उपलब्ध आहे, आताच स्थापित करा. मोबाईलमधील ॲप किंवा विंडोज जसे अद्ययावत केले जाते, तसेच हेही असेल असे समजून बहुतेक जण बटण दाबून मोकळे होतात. बहुतेकांचे काही बिघडतही नाही. मात्र ज्यांचे बिघडते, त्यांच्या संगणकावर नंतर काहीच उमटत नाही, किंवा स्वतःच्याच फायली उघडण्यासाठी ४८ अंकांची किल्ली मागितली जाते. हा धोका पत्करावा की नाही, याचे उत्तर त्या सूचनेत नसते. ते निर्मात्या कंपनीने अपडेटसोबत दिलेल्या तपशीलपत्रात असते, आणि ते वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

बायोस, किंवा त्याची आजची आवृत्ती असलेले युईएफआय, हार्ड डिस्कवर नसते. मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी चिप असते, तिच्यात ते साठवलेले असते. संगणक सुरू होताच प्रोसेसर सर्वप्रथम याच चिपमधील सूचना वाचतो, मेमरी आणि डिस्क ओळखतो आणि मगच विंडोज किंवा लिनक्सकडे सूत्रे देतो. विंडोज बिघडले तर पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाकता येते, कारण पेन ड्राइव्ह वाचण्याचे ज्ञान बायोसकडे असते. बायोसच बिघडले तर ते ज्ञान असलेले दुसरे कोणी यंत्रात उरत नाही.

या चिपची रचनाही लक्षात घ्यावी लागते. तिच्यावर जुन्या मजकुराच्या जागी नवा थेट लिहिता येत नाही. आधी एकेक भाग पुसावा लागतो आणि मग तो भरावा लागतो. त्यामुळे अपडेट चालू असताना काही मिनिटे चिपमध्ये अर्धा जुना व अर्धा नवा मजकूर असतो. त्या अवस्थेत वीज गेली, तर ज्या यंत्रात बायोसची राखीव प्रत नाही ते सुरूच होत नाही. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो. चार्जर जोडलेला नसेल किंवा बॅटरी ठरावीक पातळीखाली असेल तर बहुतेक लॅपटॉप हे काम सुरूच करत नाहीत. खरा प्रश्न डेस्कटॉपचा आहे. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात. पण अनेक इन्व्हर्टरच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असा खटका असतो आणि तो नॉर्मलवर असेल, तर वीज जाऊन इन्व्हर्टरवर येईपर्यंतच्या क्षणभरात पंखा फिरत राहतो, संगणक मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो. बॅटरी निकामी झालेला जुना यूपीएसही तितकाच फसवा असतो.

विजेची भीती सर्वांना ठाऊक असते. ज्या दुसऱ्या अडचणीची फारशी चर्चा होत नाही, तिच्यात मात्र यंत्र शाबूत राहते आणि माहिती हातची जाते.

विंडोज ११ च्या अनेक नव्या संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की हे घडते आणि वापरकर्त्याला त्याचा पत्ताही नसतो. या कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते. संगणक सुरू होताना आपण कोणत्या अवस्थेतून सुरू झालो, याची मोजमापे टीपीएममध्ये नोंदवली जातात. ती पूर्वीसारखी असतील तरच टीपीएम किल्ली सोडते. बायोस बदलले की ही मोजमापे बदलू शकतात. टीपीएमला ही यंत्राशी केलेली छेडछाड वाटते आणि सुरू होताना निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. ही किल्ली मिळाली नाही, तर डिस्कवरील छायाचित्रे, हिशेब, प्रबंध यांपैकी काहीही कोणताही दुरुस्ती करणारा परत मिळवून देऊ शकत नाही. कुलपाचा उद्देशच तो आहे.

म्हणून बायोसला हात लावण्याआधी डिस्क कुलूपबंद आहे का, हे पाहणे पहिले काम ठरते. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक अधिकारासह उघडून पुढील दोन आज्ञा द्याव्यात. पहिली स्थिती दाखवते, दुसरी ४८ अंकांची किल्ली.

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

ही किल्ली कागदावर उतरवून संगणकाबाहेर ठेवावी. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यातही जमा असते आणि मोबाईलवरून aka.ms/myrecoverykey या पत्त्यावर पाहता येते. पण संगणक दुकानदाराने किंवा नातलगाने स्वतःच्या खात्यातून सुरू करून दिला असेल, तर किल्लीही त्यांच्याच खात्यात असते. निर्मात्याचे अपडेट साधन बहुतेकदा हे कुलूप तात्पुरते सैल करते. तसे होईलच, असे गृहीत धरण्याऐवजी `manage-bde -protectors -disable C:` ही आज्ञा देऊन ते स्वतः स्थगित करता येते. काम झाल्यावर त्याच आज्ञेत `-disable` ऐवजी `-enable` लिहून ते पूर्ववत झाल्याची खात्री करावी.

अपडेट कधी करावे, या प्रश्नाला अलीकडच्या इतिहासाने दोन परस्परविरोधी उत्तरे दिली आहेत.

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधील त्रुटी जाहीर झाल्या. धोका खरा होता, बातम्या जगभर झळकल्या आणि संगणक कंपन्यांनी घाईने बायोसची नवी अपडेट दिली. त्यांत इंटेलने पुरवलेला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या वर्तनात सुधारणा करणारा छोटा संच, समाविष्ट होता. काही दिवसांतच ती अपडेट घेतलेले संगणक अचानक आपोआप बंद होऊन सुरू होऊ लागले. २२ जानेवारीला इंटेलनेच ब्रॉडवेल आणि हॅसवेल पिढ्यांच्या प्रोसेसरसाठीची ही अपडेट बसवणे थांबवा, असे आवाहन केले. ज्यांनी दोन-तीन आठवडे वाट पाहिली, त्यांना हा मनस्ताप झाला नाही.

२०२४ मध्ये नेमके उलटे घडले. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही शक्तिशाली डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. खेळ मध्येच बंद पडत, फायली उलगडताना त्रुटी येत. प्रोसेसर स्वतःसाठी प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे हळूहळू झिजत होता. ऑगस्टमध्ये 0x129 आणि सप्टेंबरमध्ये 0x12B हे मायक्रोकोड आले, ते बायोस अपडेटमार्फतच. यात वाट पाहणे महागात पडणारे होते, कारण अपडेट पुढची झीज रोखते, झालेली भरून काढत नाही. इंटेलने या प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली, ती याच कारणाने. असा डेस्कटॉप आजही जुन्या बायोसवर चालत असेल, तर आणखी थांबण्यात काही हशील नाही. लॅपटॉपमधील प्रोसेसरना मात्र ही अडचण नाही, असे इंटेलने स्पष्ट केले होते.

दोन्ही वेळा बातमीचा आवाज सारखाच मोठा होता. फरक हा की २०२४ चे अपडेट विशिष्ट यंत्रांत प्रत्यक्ष चालू असलेले नुकसान थांबवत होते. आपल्या यंत्राबाबत हाच प्रश्न विचारायचा असतो.

समजा, चार वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आहे. घरचे हिशेब आणि मुलांचा अभ्यास त्यावर चालतो, तक्रार काही नाही. सूचना आली. स्टार्टमध्ये `msinfo32` टाइप केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत ‘BIOS Version/Date’ या ओळीत सध्याची आवृत्ती दिसते. ती टिपून निर्मात्याच्या संकेतस्थळावर मॉडेलचे नाव किंवा लॅपटॉपच्या तळाशी छापलेला क्रमांक टाकावा आणि नव्या आवृत्तीचे तपशीलपत्र उघडावे. तेथे ‘डॉकिंग स्टेशन जोडल्यावर पंख्याचा आवाज वाढत असे, तो दुरुस्त केला’ असे लिहिलेले असेल आणि घरात डॉकिंग स्टेशनच नसेल, तर हे अपडेट सोडून द्यावे. नव्या प्रोसेसरची किंवा मोठ्या मेमरीची सोय केली असेल आणि त्यांपैकी काही घ्यायचे नसेल, तरीही तेच. कामगिरी सुधारली, स्थैर्य वाढवले अशा मोघम ओळीसाठी चालते यंत्र पणाला लावण्यात अर्थ नाही. याउलट झोपेतून जागा न होणे, चार्जिंग मध्येच थांबणे असा स्वतःला जाणवणारा दोष नावानिशी लिहिलेला असेल, तर अपडेट करण्यास सबळ कारण मिळते.

सुरक्षेच्या त्रुटींचा निर्णय एवढा सोपा नाही. फर्मवेअरमधील अनेक त्रुटींचा गैरफायदा घेण्यासाठी हल्लेखोराकडे आधीच यंत्राचा ताबा किंवा प्रशासकाचे अधिकार असावे लागतात. त्यामुळे घरगुती वापरकर्त्याने पहिल्याच दिवशी धावण्याची गरज नसते. दोन-तीन आठवडे थांबून ती आवृत्ती मागे घेतली गेली नाही ना, हे पाहणे शहाणपणाचे. परंतु वर्षानुवर्षे टाळणेही योग्य नाही. कार्यालयाच्या संगणकाचा निर्णय मात्र कार्यालयाच्या तंत्र विभागाकडेच सोपवावा.

थांबण्यामागे आणखी एक कारण आहे. अनेक यंत्रांत नव्या बायोसवरून जुन्यावर परत जाण्याची वाट सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेली असते. विंडोजचे अपडेट काढून टाकता येते, याचे बहुधा नाही.

निर्णय झालाच, तर फाइल फक्त निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आणि नेमक्या मॉडेलचीच घ्यावी. नावातील एखादे अक्षरही वेगळे असेल तर बोर्ड वेगळा असू शकतो. अपडेटनंतर सेटिंग्ज मूळ स्थितीत जाऊ शकतात आणि डिस्कची पद्धत बदलली तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून बायोसच्या पडद्यांची मोबाईलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. आणि सर्वांत मोठी चूक टाळावी: काम चालू असताना स्क्रीन काळी पडते, पंखा जोराने फिरू लागतो, यंत्र दोन-तीनदा आपोआप बंद होऊन सुरू होते. हे सारे अपेक्षितच असते. यंत्र अडकले असे समजून याच वेळी पॉवर बटण दाबून धरले जाते आणि जे नुकसान वीज जाण्याने झाले असते ते हातानेच होते. किमान अर्धा तास बटणाला हात लावू नये.

त्यानंतरही दिवा लागतो, पंखा फिरतो, पण कंपनीचे बोधचिन्हसुद्धा उमटत नसेल, तर चिपमधील मजकूर बिघडल्याची शक्यता मोठी. काही यंत्रांत बायोसची राखीव प्रत असते किंवा पेन ड्राइव्हवरून ते परत टाकण्याची सोय असते. तिची रीत निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. ती नसल्यास दुरुस्तीच्या दुकानात प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने चिप पुन्हा लिहून घ्यावी लागते. तेथे एक गोष्ट आवर्जून विचारावी. लॅपटॉपच्या चिपमध्ये त्या यंत्राचा अनुक्रमांक आणि अनेकदा विंडोजच्या परवान्याची किल्लीही असते. दुसऱ्या लॅपटॉपची प्रत तशीच उतरवली तर यंत्र सुरू होते, पण त्याची ओळख दुसऱ्याची असते. म्हणून आहे तो बिघडलेला मजकूर आधी वाचून जपून ठेवणार का, हे दुकानदाराकडून काम देण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.