नकार, पण आपुलकीचा
हात आखडलेला असताना मित्राच्या वास्तुशांतीचे आमंत्रण आले, की व्यापारी माणूस 'बाहेरगावी आहे' असे सांगून मोकळा होतो. दुकान मात्र उघडे दिसते! उधारी थकल्याचे सांगावे, तर बाजारात पत जाण्याची भीती.

गेल्या वर्षी सांगलीहून नाशिकला चौघांचा प्रवास आणि चांदीचा आहेर मलाही झेपणारा नव्हता. पंगतीची पाने ठरण्यापूर्वी, आमंत्रणाच्या दुसऱ्याच दिवशी मी फोन केला. "यंदा एवढा खर्च जमणार नाही, म्हणून येत नाही. दिवाळीनंतर मी एकटाच घर पाहायला येतो, वहिनींच्या हातचा चहा घेऊ." आकडा मी सांगितला नाही, त्यानेही विचारला नाही. कार्याच्या सकाळी पुन्हा फोन केला. दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे गेलो, तेव्हा सूर्यास्तापूर्वी जेवू घालूनच त्याने मला सोडले.