एका वेळी एकच बदल

काम चालू असताना कॉम्प्युटर मध्येच बंद होतो आणि आपला आपणच पुन्हा चालू होतो. दिवसातून कधी दोनदा, कधी एकदाही नाही. असा अधूनमधून येणारा बिघाड शोधायला सगळ्यात कठीण, कारण दुरुस्ती करणारा समोर बसलेला असताना तो हमखास लपून बसतो. तालुक्याच्या गावातल्या एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातला हा प्रसंग आहे. तो तपशिलात सांगण्यासारखा आहे, कारण पहिली दुरुस्ती फसली आणि दुसरी टिकली, आणि फरक हुशारीचा नव्हता, पद्धतीचा होता.

पहिल्या वेळी तंत्रज्ञाने एकाच बैठकीत रॅम काढून पुसून पुन्हा बसवली, आतली धूळ साफ केली, एसएमपीएस नवा घातला आणि विंडोजही नव्याने टाकले. चार दिवस सगळे ठीक चालले. पाचव्या दिवशी बिघाड परत आला. नंतर उलगडा झाला, की ते चार दिवस दुकानात प्रिंटचे काम जवळपास नव्हतेच. चार बदल एकदम केले, की बिघाड गेला तर कशामुळे गेला हे कळत नाही, आणि परत आला तर त्या चारांपैकी कशाला निर्दोष धरायचे हेही कळत नाही. खर्च मात्र चारही गोष्टींचा होतो.

दुसऱ्या तंत्रज्ञाने पहिल्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर बाहेरच काढला नाही. त्याने दुकानदाराला एक वही ठेवायला सांगितली. बंद पडला की लगेच लिहायचे: वेळ, स्क्रीनवर काय चालले होते, पूर्ण बंद झाला की पुन्हा चालू झाला, आणि त्या क्षणी खोलीत आणखी काय घडत होते. विंडोजच्या नोंदीत अशा वेळी `Kernel-Power 41` दिसते, पण ती एवढेच सांगते की मशीन रीतसर बंद झाले नाही. का, ते तिला ठाऊक नसते. वहीतला शेवटचा रकाना कामाला आला. आठ नोंदींपैकी सहांमध्ये ‘प्रिंट दिली होती’ असे होते, आणि दोन ठिकाणी ‘लाइट जरा डिम झाला’ असेही.

लेझर प्रिंटर थंड असताना प्रिंट दिली, की टोनर कागदावर वितळवणारा त्याचा फ्यूजर तापू लागतो. त्या काही क्षणांत तो कित्येकशे वॉट ओढतो, त्यामुळे त्याच लाइनवरचे व्होल्टेज क्षणभर पडते. आता बिघाड मुद्दाम घडवून आणता येणार होता: प्रिंटर बंद करायचा, थंड होऊ द्यायचा, मग चालू करून प्रिंट द्यायची. साधारण तीन खेपांत एकदा कॉम्प्युटर रीस्टार्ट होत होता.

‘तीनात एकदा’ हा आकडा फार मोलाचा आहे. पुढे काहीही बदलले आणि तीन खेपा सुखरूप गेल्या, तरी त्यावरून बिघाड गेला असे म्हणता येत नाही, कारण काहीही न बदलता नुसत्या योगायोगानेही तीन खेपा कोऱ्या जाण्याची शक्यता जवळपास 30 टक्के असते. दहा खेपा कोऱ्या गेल्या, तर हीच शक्यता 2 टक्क्यांच्या खाली येते. म्हणून प्रत्येक बदलानंतर दहा खेपा, असा नियम त्याने ठरवला. घाईत दोन-तीनदा पाहून ‘झाले काम’ म्हणण्यातूनच अशा दुरुस्त्या परत येतात, असे माझे ठाम मत आहे.

दुकानात त्याच मॉडेलचा यूपीएस असलेला दुसरा कॉम्प्युटर होता, त्याच लाइनवर, आणि तो कधीच बंद पडत नव्हता. म्हणजे खात्रीचे भाग हाताशीच होते. नवा भाग आणि खात्रीचा भाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोक्यातून काढलेला नवा भागही मुळातच खराब निघू शकतो, पण जो आत्ता शेजारच्या टेबलावर तेच काम नीट करतो आहे, त्याच्यावर विसंबता येते. व्होल्टेजशी संबंध दिसत असल्यामुळे आणि कॉम्प्युटर उघडावा लागत नसल्यामुळे सुरुवात यूपीएसपासून झाली. दोन्ही यूपीएसची फक्त अदलाबदल केली, बाकी एक वायरही हलवली नाही. दहा खेपांत पहिला कॉम्प्युटर एकदाही रीस्टार्ट झाला नाही, आणि आजवर निरोगी असलेला दुसरा मात्र होऊ लागला.

बिघाड यूपीएसबरोबर शेजारी गेला होता. तरीही यूपीएस मूळ जागी परत लावून पाहिले, आणि पहिला कॉम्प्युटर पुन्हा बंद पडू लागला. ही उलटी खेप बरेचजण गाळतात. ती आवश्यक असते, कारण कित्येकदा भाग बदलताना सैल प्लग घट्ट बसतो किंवा पिनांवरचा गंज घासला जातो, आणि श्रेय मात्र नव्या भागाला मिळते. रॅमच्या बाबतीत तर हे नेहमीच घडते. जुनाच भाग पुन्हा लावून बिघाड परत आला, तरच दोष त्या भागात आहे असे म्हणता येते.

आता प्रश्न उरला यूपीएसच्या आतला: सर्किट की बॅटरी? काढून मीटर लावला तर बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती. 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी हा आकडा उत्तम, आणि अनेक तपासण्या इथेच चुकतात. मीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच काम करून घेत नाही. लोड दिल्यावर तीच बॅटरी काही क्षणांत 10 व्होल्टच्या खाली घसरली. लाइनचे व्होल्टेज पडले, की यूपीएस काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, आणि इथे नेमक्या त्याच वेळी बॅटरी हात टेकत होती. एरवी वीज असताना यूपीएसचा हिरवा दिवा बिनतक्रार पेटलेला दिसे. मग दोन्ही यूपीएस बंद करून, प्लग काढून, फक्त बॅटऱ्या एकमेकींच्या जागी लावल्या. बिघाड बॅटरीबरोबर गेला. सर्किट निर्दोष ठरले.

अदलाबदलीला एक मर्यादा मात्र आहे. जळका वास येत असेल, काही फुगलेले किंवा करपलेले दिसत असेल, तर तिथे चांगला भाग लावू नये, कारण एका शॉर्टमुळे तोही जातो. अशा वेळी संशयित भागच काढून बाहेर तपासावा. आणि एसएमपीएसचे खोके घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ 300 व्होल्टच्या आसपास दाब उरू शकतो.

नवी बॅटरी बसवल्यावर प्रिंटरही दुसऱ्या लाइनवर न्यावा, असे दुकानदाराच्या मनात होते. तंत्रज्ञाने तेव्हा ते करू दिले नाही. आठवडाभर प्रिंटर त्याच जागी, त्याच लाइनवर ठेवून वही चालू ठेवायला सांगितली, म्हणजे फरक पडला तर तो बॅटरीचाच हे स्पष्ट राहील. आठवड्यात रीस्टार्टची एकही नोंद झाली नाही. लाइट डिम होण्याच्या नोंदी मात्र तशाच येत राहिल्या. ती वही घेऊन दुकानदाराने मग इलेक्ट्रिशियनला बोलावले, आणि मेन बोर्डातला न्यूट्रलचा एक स्क्रू सैल निघाला.