संदर्भयादीतली दोन वर्षं

'मेडिकल सायन्स मॉनिटर' या वैद्यकीय नियतकालिकात 2010 साली एक आढावा लेख आला. त्याच्या शेवटी 490 संदर्भ होते. आढावा लेखाची यादी लांबलचक असतेच, त्यामुळे निव्वळ आकड्याचं कोणाला नवल वाटू नये. पण यातले 445 संदर्भ एकाच नियतकालिकातल्या लेखांचे होते, 'सेल ट्रान्सप्लांटेशन'मधल्या. आणि ते 445 लेख एकूण एक 2008 किंवा 2009 साली छापलेले. उरले 45. त्यांतले 44 खुद्द 'मेडिकल सायन्स मॉनिटर'चे, तेही याच दोन वर्षांतले. लेखाच्या चार लेखकांपैकी तिघे 'सेल ट्रान्सप्लांटेशन'च्या संपादक मंडळावर होते.

त्याच वर्षी 'सायंटिफिक वर्ल्ड जर्नल'मध्येही असाच एक लेख आला. त्यातल्या 124 संदर्भांपैकी 96 पुन्हा 'सेल ट्रान्सप्लांटेशन'चे, पुन्हा 2008 आणि 2009चेच.

हीच दोन वर्षं का, याचं उत्तर इम्पॅक्ट फॅक्टर काढण्याच्या पद्धतीत आहे. एखाद्या नियतकालिकाचा 2010चा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना 2008 आणि 2009मध्ये तिथे छापलेले लेख मोजतात. त्या लेखांचा उल्लेख 2010मध्ये इतर शोधनिबंधांत किती वेळा झाला, ते मोजतात आणि भागाकार करतात. 2007चा लेख कितीही मोलाचा असो, त्याचा संदर्भ या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे आकडा फुगवायचा असेल, तर नेमकी हीच दोन वर्षं कामाची.

हिशेब साधा आहे. दोन लेखांतले 445 आणि 96 मिळून 541 संदर्भ झाले. 'सेल ट्रान्सप्लांटेशन'ने त्या दोन वर्षांत मोजणीत धरावेत असे साधारण अडीचशे लेख छापले होते. 541ला अडीचशेने भागलं, की दोनाहून थोडा जास्त आकडा येतो. त्या वर्षी या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर होता 6.204. हे दोन लेख वजा केले तर तो उतरतो 4.082वर. जगभरच्या संशोधकांनी वर्षभरात प्रामाणिकपणे दिलेल्या संदर्भांवर जेवढा आकडा उभा राहिला, त्यात निम्म्याने भर घालायला दोन लेख पुरले.

एप्रिल 2012मध्ये हे उघडकीला आणलं फिल डेव्हिस या अमेरिकी अभ्यासकाने. त्यासाठी त्याला कोणाच्या कपाटात डोकवावं लागलं नाही. इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करणारी कंपनी (तेव्हा थॉमसन रॉयटर्स, आता क्लॅरिव्हेट) प्रत्येक नियतकालिकाचा एक तक्ताही देते. त्याला कोणत्या नियतकालिकाने किती संदर्भ दिले आणि ते कोणकोणत्या वर्षांच्या लेखांना दिले, हे त्यात असतं. या तक्त्यातली नेहमीची ओळ पसरट असते. पाच वर्षांपूर्वीच्या लेखाला काही, दहा वर्षांपूर्वीच्या लेखाला काही, अगदी ताज्या लेखांना थोडे, कारण संशोधकाला जुनं-नवं दोन्ही लागतं. 445 संदर्भ देणाऱ्या नियतकालिकाच्या ओळीत मात्र सगळा भार दोनच रकान्यांत येतो आणि आजूबाजूला जवळपास काहीच नसतं. असा उंचवटा विषयाच्या गरजेतून येत नाही. या व्यवहाराची युक्ती अशी की स्वतःच्या नियतकालिकात स्वतःचेच संदर्भ कोंबले, तर ते स्व-संदर्भांच्या टक्केवारीत लगेच दिसतात. दुसऱ्याच्या घरातून ते देवविले, तर टक्केवारी स्वच्छ राहते. ती पळवाट वर्षांच्या रकान्यांनी पकडली.

पुढच्याच वर्षी ब्राझीलमध्ये तीच गोष्ट निघाली. 'क्लिनिक्स' आणि आणखी तीन ब्राझिली वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी आपसांत ठरवून 2011मध्ये असे लेख छापले होते, की ज्यांत एकमेकांच्या 2009 आणि 2010मधल्या लेखांना शेकडो संदर्भ दिलेले होते. थॉमसन रॉयटर्सने 2013मध्ये चौघांचाही इम्पॅक्ट फॅक्टर वर्षभरासाठी रोखला. 'क्लिनिक्स'च्या संपादकाला पद सोडावं लागलं. पण त्याची बाजू ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलमधली सरकारी संस्था 'कापेस' पदव्युत्तर विभागांना श्रेणी देताना, विद्यार्थी आणि प्राध्यापक किती इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकांत लिहितात, ते पाहत असे. साहजिकच चांगले पेपर परदेशी जात आणि देशी नियतकालिकांचा आकडा खालीच राहत असे. त्यांनी निवडलेला मार्ग चुकीचा होता, यात मला शंका नाही. पण ज्या कोंडीतून तो निघाला ती कोंडी खरी होती, आणि ती आपल्याकडेही आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण देताना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मोजला जातो. तो 2 ते 5च्या दरम्यान असेल तर 20 गुण, 5 ते 10 असेल तर 25. आता वरचा आकडा पुन्हा पाहा. 4.082वरून 6.204. आपल्या नियमात बसवलं, तर तिथे पेपर छापणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाच्या खात्यात, पेपरमधलं अक्षरही न बदलता, पाच गुण जास्त पडले असते. ज्याने प्रामाणिकपणे चार वर्षं खपून एखाद्या साध्या, छोट्या नियतकालिकात काम छापलं, तो तेवढाच मागे पडला असता. संदर्भ फुगवण्याने नुकसान कोणाचं होतं, असं विचारणाऱ्याने बढतीच्या रांगेतल्या त्या माणसाकडे बघावं.

नियतकालिकांची टोळी वर्षांच्या रकान्यांत सापडते. एकट्या माणसाची लबाडी मात्र संपादकाच्या टेबलावरच पकडावी लागते. याचं सगळ्यात लख्ख उदाहरण 'बायोइन्फर्मॅटिक्स' या नियतकालिकाने 2019मध्ये जाहीर केलं. त्यांच्या एका परीक्षकाला, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, त्यांनी कायमचं बंद केलं. हा परीक्षक प्रत्येक अहवालात लेखकांना सरासरी 35 संदर्भ वाढवायला सांगत होता. त्यातले 90 टक्के त्याच्या स्वतःच्या पेपरचे होते, आणि उरलेल्यांतही त्याचं नाव किंवा त्याची पद्धत आलेली होती.

हे चालून कसं गेलं, ते समजायला परीक्षणाची रीत पाहावी लागते. लेखकाला परीक्षकाचं नाव कळत नाही. त्याला फक्त सूचना मिळतात, आणि पेपर स्वीकारला जावा म्हणून तो त्या मुकाट्याने पाळतो. पाच-सहा संदर्भ घातल्याने काय बिघडतं, असं म्हणून तरुण संशोधक मान तुकवतो. संपादकाकडे त्या परीक्षकाचा एकच अहवाल येतो, आणि एका अहवालात तीन-चार संदर्भ सुचवणं हा तर परीक्षकाचा हक्कच आहे, कधीकधी कर्तव्यही. लबाडी दिसते ती त्याच माणसाचे जुने अहवाल शेजारी ठेवले की. पेपर वेगवेगळे आणि यादी तीच, असं निघालं, तर ती सूचना राहत नाही, वसुली होते.

म्हणून जाणते संपादक दुरुस्त होऊन आलेला पेपर वाचताना आधी संदर्भयादी उघडतात. पहिल्या मसुद्याची यादी आणि दुसऱ्याची यादी शेजारी ठेवायची, आणि मधे वाढलेल्या नावांवर बोट ठेवायचं. ही नावं सगळी एकाच गटाची असली, तर त्यांचे संदर्भ मजकुरात कुठे टाकलेत ते पाहायचं. आवश्यक संदर्भ विशिष्ट वाक्याला चिकटलेला असतो: अमुक पद्धत वापरली ती अमक्याची, तमुक आकडा आला तो तमक्याच्या आकड्याशी जुळत नाही. भरतीचा संदर्भ बहुधा प्रस्तावनेत सापडतो. 'या क्षेत्रात अलीकडे बरंच काम झालं आहे' असं एक सैल वाक्य, आणि त्याच्यामागे कंसात 14 ते 29 असा थवा. त्या सोळा पेपरांपैकी कोणताही एक काढला, तर वाक्याचं काहीही बिघडत नाही. माझ्या मते सगळ्यात खात्रीची कसोटी हीच आहे, आणि तिला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही.

'इंटरनॅशनल जर्नल ऑफ हायड्रोजन एनर्जी'मधल्या एका पेपरच्या लेखकांनी तर हे उघडच लिहून टाकलं. 2024च्या अखेरीला हा पेपर जगभर फिरला. त्यातलं एक वाक्य सांगत होतं की परीक्षकांच्या आग्रहाखातर आम्ही 35 ते 47 क्रमांकांचे संदर्भ देत आहोत, पण त्यांचा या कामाशी अजिबात संबंध नाही. तेरा संदर्भ, आणि ते वाक्य संपादकाच्या नजरेखालून निसटून छापूनही आलं. लेखकांच्या धैर्याचं मला कौतुक आहे, पण त्याहून जास्त चीड येते ती या गोष्टीची, की बाहेरच्या वाचकाला जे एका नजरेत दिसलं, ते छापण्याआधी कोणालाच दिसलं नाही.

स्व-संदर्भांबद्दल मात्र घाईने निवाडा करू नये. एकाच गोष्टीवर वीस वर्षं काम करणारा माणूस स्वतःच्या आधीच्या पेपरांचा उल्लेख करणारच. जॉन आयोआनिडिस आणि सहकाऱ्यांनी 2019मध्ये जगातल्या सुमारे एक लाख आघाडीच्या संशोधकांचे आकडे तपासले, तेव्हा मधल्या संशोधकाला मिळालेल्या संदर्भांत स्वतःचे आणि सहलेखकांचे मिळून 12.7 टक्के निघाले. हे सर्वसाधारण. पण अडीचशेहून जास्त संशोधक असे होते की त्यांच्या निम्म्याहून अधिक संदर्भ स्वतःकडून किंवा सहलेखकांकडूनच आलेले. त्यांत चेन्नईतल्या एका खासगी विद्यापीठातल्या संशोधकाचं प्रमाण होतं 94 टक्के. तरीही नुसती टक्केवारी पुरावा होत नाही. एखाद्या दुर्मीळ किड्यावर जगात चारच माणसं काम करत असतील, तर ती चौघं एकमेकांचाच संदर्भ देणार, आणि कागदावर त्यांचं जाळं टोळीसारखंच दिसणार.

इथे फरक कळतो तो पुन्हा मजकुरातच. त्या चौघांचे संदर्भ मतभेदाचेही असतात, 'यांचं मोजमाप आम्हाला पटत नाही' असेही असतात, आणि पंधरा-वीस वर्षांत विखुरलेले असतात. ठरवून दिलेल्या संदर्भांत भांडण जवळपास कधी नसतं. 'सेल ट्रान्सप्लांटेशन'चा आकडा फुगवणाऱ्या लेखांची दखल घेतल्यावर थॉमसन रॉयटर्सने या देवघेवीतल्या काही नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करायचं नाकारलं. तिथे वापरलेली कसोटी आकड्यांचीच होती, कारण त्या कंपनीकडे आकडेच असतात. ते 490 संदर्भ लेखात खरोखर कशासाठी आले, हे विचारण्याची पहिली संधी ज्या संपादकाने तो लेख 2010मध्ये स्वीकारला, त्याच्याकडे होती.