वॉकरमधलं बाळ आणि जमिनीवरचं बाळ

बाळ आधाराशिवाय बसायला लागलं की घरात वॉकरचा विषय निघतो. आत्या नाहीतर मामा हौसेनं घेऊन येतात. गोल चौकट, खाली चाकं, मधे कापडी झोळीसारखी बैठक आणि पुढे खेळणी अडकवलेला ट्रे. बाळाला त्यात ठेवलं की ते पाय मारत घरभर फिरतं, खूश असतं, आणि आईला पोळ्या लाटायला दोन्ही हात मोकळे मिळतात. ही सोय खरी आहे आणि दिवसभर एकटीनं बाळ सांभाळणाऱ्या बाईला ती किती मोलाची वाटते, हेही मला ठाऊक आहे. पण वॉकरमुळे बाळ लवकर चालतं ही समजूत मात्र चुकीची आहे. त्यानं चालणं थोडं लांबतंच.

असं का होतं, हे कळण्यासाठी मूल चालायला कसं शिकतं ते पाहावं लागतं. दिवाणाची कड धरून ते उभं राहतं. मग कडेकडेनं आडवं सरकतं. त्या वेळी दर पावलाला सगळा भार एका पायावर येतो, दुसरा उचलला जातो आणि कंबरेभोवतीचे स्नायू धड सावरून धरतात. खाली पडलेला चेंडू घ्यायला ते गुडघे वाकवून बसतं, पुन्हा उठतं, तोल जातो तेव्हा धपकन ढुंगणावर बसतं. चालण्याची खरी तयारी या उठण्या-बसण्यात आणि पडण्यात असते. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळेपणानं खेळताना तासाला सरासरी 2,368 पावलं टाकत होती आणि 17 वेळा पडत होती.

वॉकरमध्ये यातलं जवळपास काहीच घडत नाही. शरीराचा बराचसा भार बैठक पेलते. बाळ पुढे झुकून पायांच्या बोटांनी जमीन मागे ढकलतं, की चाकं पळतात. एका पायावर उभं राहायची गरज नाही, तोल सावरायची गरज नाही, आणि पडणं तर नाहीच. ट्रे मधे आल्यामुळे स्वतःचे पायही नीट दिसत नाहीत. पिंढऱ्या काम करतात, कंबर आणि धड मात्र फारसं काही शिकत नाही. चवड्यांवर ढकलायची ही रीत नंतर मोकळं चालताना उपयोगाची नसते.

आयर्लंडमधल्या 190 बाळांच्या पाहणीचे निष्कर्ष 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. वॉकरमध्ये घालवलेल्या वेळाची बेरीज दर 24 तासांनी वाढली, की एकट्यानं चालणं सुमारे 3.3 दिवसांनी पुढे गेलेलं दिसलं. आपल्या घरचा हिशोब करून पाहा. रोज एक तास, असं दोन महिने बाळ वॉकरमध्ये असेल तर 60 तास झाले, म्हणजे अडीच दिवस-रात्री. त्या प्रमाणात चालणं साधारण आठ दिवस लांबतं. ही एका पाहणीतली सरासरी आहे. वॉकर वापरणाऱ्या घरांत इतरही फरक असू शकतात, आणि निरोगी मूल पुढे ही उणीव भरून काढतं. त्यामुळे आधी वॉकर वापरला असेल तर धास्तावू नका. पण चालायला मदत व्हावी म्हणून तो आणायचा असेल, तर ते कारण टिकत नाही.

वॉकर घरात नको म्हणण्याचं मोठं कारण वेगळं आहे, ते अपघातांचं. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात मीटरभर जाऊ शकतं. जिना तीन मीटरवर असेल तर तुम्ही मान वळवेपर्यंत ते पायऱ्यांशी पोहोचलेलं असतं. अमेरिकेत 1990 ते 2014 या काळात वॉकरमुळे जखमी झालेली 2,30,000 हून अधिक बाळं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आली. दर दहातल्या नऊ जणांना डोक्याला किंवा मानेला इजा होती आणि सुमारे तीन चतुर्थांश बाळं जिन्यावरून पडली होती. यातले बरेच अपघात घरातलं मोठं माणूस जवळ असताना होतात. लक्ष आहे, म्हणून धोका टळत नाही. आपल्याकडे त्यात उंबरठा येतो, बाथरूममधली भरलेली बादली येते, टीपॉयवरचा गरम चहा आणि इस्त्रीची लोंबती वायर येते. रांगणाऱ्या बाळाचा हात जिथं पोहोचत नाही, तिथं वॉकरमधल्या बाळाचा सहज पोहोचतो. कॅनडानं एप्रिल 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर, जाहिरातीवर आणि आयातीवर बंदी घातली, आणि ती वापरलेल्या जुन्या वॉकरनाही लागू आहे. टोरांटोतल्या नातवासाठी इथून वॉकर नेण्याचा बेत कुणी करत असेल, तर तो सोडून द्यावा.

आपला जुना लाकडी पांगुळगाडा या बाबतीत निराळा. तीन चाकं, उभा दांडा, आणि मूल त्याच्या मागे उभं राहून तो ढकलतं. भार स्वतःच्या पायांवर असतो, पाय दिसतात, हात सुटला तर ते पडतंही. मूल आधार धरून आपणहून उभं राहायला लागल्यावर, सपाट जमिनीवर, कुणीतरी शेजारी बसून तो द्यायला हरकत नाही. फक्त गाडा हलका असेल तर पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. चाकं थोडी जड फिरणारी असावीत.

दाराच्या चौकटीला किंवा स्टँडला टांगायच्या जंपरचंही गणित वॉकरसारखंच. स्प्रिंगच्या जोरावर बाळ चवड्यांवर उड्या मारतं, दोन्ही पाय एकदम. भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं त्यात नाहीच. मौज म्हणून, बाळाची मान पक्की धरली असेल तर, दिवसातून दहा-पंधरा मिनिटं ठीक. चौकटीचा जंपर निसटला तर मात्र बाळ थेट आपटतं.

राहिले बूट. चालायला शिकण्यासाठी त्यांची गरज नाही. घरात अनवाणीच बरं, कारण बोटं पसरून जमीन पकडता येते आणि फरशीवर मोज्यांसारखं घसरतही नाही. लहान मुलाचा तळवा चरबीच्या गादीमुळे सपाट दिसतो. तळव्याची कमान पुढच्या काही वर्षांत तयार होते. त्यासाठी टणक ‘आधाराचे’ बूट घेऊ नयेत. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 साली 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के होते, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. बंद बुटांत हे प्रमाण चपला-सँडलपेक्षा जास्त होतं.

बाहेर मात्र काच, खिळे, तापलेला रस्ता असतो, तिथं बूट हवेतच. घेताना बुटाचा पुढचा भाग दोन बोटांनी वाकवून पाहा, सहज वाकला पाहिजे. मुलाला उभं करून सगळ्यात लांब बोटापुढे सेंटिमीटरभर जागा राहते का बघा, कारण बसलेल्या मुलाचा पाय थोडा आखूड भरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मोजमापांत एकट्यानं चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका पसरलेला होता. म्हणून शेजारचं दहा महिन्यांचं मूल चालतं यावरून घाबरू नये. पण वर्षभराचं होऊनही आधारानं उभं राहत नसेल, दीड वर्षाला चालत नसेल, कायम चवड्यांवर चालत असेल किंवा एकच पाय ओढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगितलं तर त्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची वाट दाखवू शकतात. तिथली तपासणी सरकारी असते. अशा मुलाला वॉकरमध्ये बसवून वाट पाहण्यात उपचाराचे महिने निघून जातात.