सर्वांत कमी वाचन म्हणजे अंत्यबिंदू नव्हे

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हायड्रोक्लोरिक आम्लात ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडतात आणि द्रावणाची विद्युतवाहकता मोजत जातात. आलेख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा येतो. जर्नलमध्ये बहुतेक जण ‘वाहकता आधी कमी झाली, मग वाढली’ एवढंच लिहून पुढे जातात. ती का कमी झाली, हे लिहिल्याशिवाय प्रयोग पूर्ण होत नाही.

सुरुवातीला द्रावणात हायड्रोजन आणि क्लोराइड हे आयन असतात. हायड्रोजन आयन विजेचा अव्वल वाहक. बांधकामावर मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, तसा तो पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. सगळं अंतर त्याला स्वतः कापावं लागत नाही. 25 अंश सेल्सिअसला त्याची मोलर वाहकता सुमारे 350, तर सोडियमची फक्त 50. अल्कली पडते तसा हायड्रॉक्साइड आयन हायड्रोजनला घेऊन पाणी बनवतो आणि त्याच्या जागी मंद सोडियम येतो. म्हणून पहिली रेघ उतरते. ती शून्यावर मात्र जात नाही, कारण सोडियम आणि क्लोराइड द्रावणात असतातच. आम्ल संपल्यावर जादा हायड्रॉक्साइड साठू लागतो. त्याची वाहकता सुमारे 198 आहे. हायड्रोजनपेक्षा कमी, म्हणून उजवी रेघ डावीपेक्षा थोडी कमी चढाची असते.

आता एक उदाहरण घेऊ. 50 मिली आम्लात 0.1 मोलर अल्कली अर्ध्या अर्ध्या मिलीने घातली. अल्कली मुद्दाम आम्लाच्या दहापट तीव्र घेतात, म्हणजे द्रावण फारसं पातळ होत नाही. तरी 10 मिली घातल्यावर एकूण 60 मिली होतात, म्हणून त्या वाचनाला 60 भागिले 50, म्हणजे 1.2 ने गुणावं लागतं: 3.16 चे 3.79 होतात. ही दुरुस्ती प्रत्येक वाचनाला करायची आणि तक्त्यात तिचा वेगळा रकाना ठेवायचा. ती विसरली तर रेघा वाकतात.

दुरुस्तीनंतर 4.5 मिलीला 1.39 आणि 5.0 मिलीला 1.31 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर मिळाले. सर्वांत कमी वाचन 5.0 ला, म्हणून अनेक जण तोच अंत्यबिंदू लिहितात. पण आम्ल नेमकं आपल्या वाचनाच्या आकड्यावरच संपेल, असं थोडंच आहे? डावीकडचे बिंदू जोडून एक सरळ रेघ आणि उजवीकडचे जोडून दुसरी काढली, की त्या 4.8 ला छेदतात. अंत्यबिंदू तो. यासाठी तळाजवळ थेंबाथेंबाने अल्कली घालायची गरज नाही. दोन्ही बाजूंना पाच-सहा चांगली वाचनं हवीत, प्रत्येक वेळी द्रावण नीट ढवळून घेतलेली.

0.1 गुणिले 4.8 भागिले 50, म्हणजे आम्लाची संहती 0.0096 मोलर. 5.0 धरलं असतं तर 0.0100 आली असती, म्हणजे चार टक्क्यांची चूक. आलेखावर पट्टी ठेवा, दोन्ही रेघा छेदेपर्यंत वाढवा आणि जर्नलमध्ये छेदबिंदूचा आकडा लिहा.