सोळा पानांचा अहवाल, एकच आलेख

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत किंवा एखाद्या विज्ञान परिषदेत पोस्टरांच्या दालनातून फिरलं, की एक दृश्य हमखास दिसतं. भल्यामोठ्या फ्लेक्सवर प्रस्तावना, उद्दिष्टे, साहित्य व पद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, संदर्भ असं सगळं ओळीनं छापलेलं असतं. बाजूला विद्यार्थी ताठ उभा असतो आणि येणारा माणूस शीर्षकावर नजर टाकून पुढच्या पोस्टरकडे सरकतो. त्यात त्या माणसाचा फारसा दोष नसतो. उभ्याउभ्या, गर्दीत, चार फुटांवरून सोळा पानं कोण वाचणार?

अहवाल परीक्षकासाठी लिहिलेला असतो. आपण काय केलं ते क्रमानं आणि काहीही न वगळता नोंदवायचं, हे त्याचं काम. पोस्टरला मात्र एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. त्यामुळे अहवालाचं पोस्टर करायचं म्हणजे मजकूर कॉपी करून रकान्यांत बसवायचा नसतो. आधी काय गाळायचं ते ठरवावं लागतं, आणि खरं जड जातं ते इथेच.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक नेहमीचा प्रकल्प घेऊ. अहवालाचं नाव ‘विविध तापमानांत साठवलेल्या लिंबूरसातील ॲस्कॉर्बिक आम्लाच्या प्रमाणाचा अनुमापन पद्धतीने तुलनात्मक अभ्यास’. रसाचे दोन भाग केले. एक फ्रीजमध्ये ठेवला, एक टेबलावर. ठरावीक वेळांनी दोन्हींतलं क जीवनसत्त्व डीसीपीआयपी या निळ्या रंगद्रव्यानं मोजलं. ब्युरेटमधून हे रंगद्रव्य थेंबथेंब सोडलं, की क जीवनसत्त्व त्याचा रंग घालवतं. जीवनसत्त्व संपलं, की पुढचा थेंब आम्लधर्मी द्रावणात फिकट गुलाबी दिसून तसाच टिकतो, आणि तिथे थांबायचं. सहा वेळा, दोन जागा, प्रत्येकी तीन रीडिंग म्हणजे अहवालातल्या तक्त्यात 36 आकडे झाले. उदाहरणापुरतं धरू, की सुरुवातीला 100 मिलिलिटर रसात 40 मिलिग्रॅम जीवनसत्त्व होतं. चोवीस तासांनी फ्रीजमध्ये 38 उरलं, टेबलावर 28.

सगळ्या अहवालातलं सांगण्यासारखं एवढंच आहे, तेव्हा शीर्षकही तेच हवं: ‘फ्रीजबाहेर ठेवलेल्या लिंबूरसातलं क जीवनसत्त्व एका दिवसात 30 टक्के घटलं, फ्रीजमध्ये फक्त 5’. ‘तुलनात्मक अभ्यास’ या शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माइक मॉरिसन या अमेरिकी विद्यार्थ्यानं 2019 मध्ये एका व्हिडिओतून हाच आग्रह धरला आणि तो जगभर गाजला. पोस्टरच्या मधोमध निष्कर्षाचं एकच वाक्य, साध्या भाषेत आणि ठळक अक्षरांत. तपशील कडेच्या पट्ट्यांत. सविस्तर वाचायचं असेल त्याच्यासाठी क्यूआर कोड, अशी त्याची मांडणी होती. पुष्कळांनी ती उचलली. मात्र त्या पहिल्या नमुन्यात मधली सगळी जागा शब्दांनी घेतली आणि आकृत्या कडेला गेल्या. प्रयोगाच्या पोस्टरला हे परवडणारं नाही. वाक्य वर असावं आणि त्याच्या खाली, मध्यभागी, ते वाक्य सिद्ध करणारा आलेख.

आता तो आलेख. 36 आकड्यांच्या तक्त्याची पोस्टरवर गरज नाही. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर मिलिग्रॅम, आणि दोन रेषा. एक्सेल आपणहून रंगांची सूची देतं. ती काढून टाकावी आणि प्रत्येक रेषेच्या टोकाशीच ‘फ्रीज’ आणि ‘टेबल’ असं लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याची नजर सूची आणि रेषा यांच्यात हेलपाटे घालत नाही. लाल-हिरवी जोडी टाळावी, कारण बऱ्याच पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत. निळा आणि नारिंगी चालतात. मागच्या जाळीच्या रेघा, त्रिमितीचा आभास, सावल्या हे सगळं पुसून टाकावं. उभा अक्ष 25 पासून सुरू केला तर टेबलाची रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. शून्यापासून घेतला की घट जेवढी आहे तेवढीच दिसते.

बिंदूंवरच्या उभ्या दांड्या, म्हणजे एरर बार, कशाच्या आहेत हे आकृतीखाली लिहिलंच पाहिजे. बहुतेक पोस्टर इथे घसरतात. एकाच रसाची तीन अनुमापनं घेतली असतील, तर ती दांडी फक्त मोजणाऱ्याचा हात किती स्थिर होता एवढंच सांगते. लिंबालिंबांतला फरक तिच्यात येत नाही. तो दाखवायचा तर वेगवेगळ्या लिंबांचे तीन रस स्वतंत्रपणे साठवून मोजायला हवेत. तसं केलं नसेल तर ‘एक रस, तीन अनुमापनं’ असं स्पष्ट लिहावं. जाणता परीक्षक हे विचारतोच, आणि आधीच लिहिलेलं असलं की त्याचं समाधान होतं.

पद्धतीची तीन पानं चार चित्रांत मावतात: रस, त्यात ऑक्झॅलिक आम्ल, वर ब्युरेट, खाली गुलाबी झालेला फ्लास्क. टोकाच्या गुलाबी रंगाचा एक खरा फोटो लावला तर उत्तम. प्रस्तावनेला दोन वाक्यं पुरतात, मर्यादांना दोन. सगळा मजकूर तीनशे-चारशे शब्दांत बसवावा. काय राहिलं असं वाटतं? बहुधा महाविद्यालयाचे लोगो. ते एका कोपऱ्यात लहान चालतात, त्यांच्यासाठी पोस्टरचा माथा खर्ची घालू नये.

उरलेलं काम तांत्रिक, पण पैसे तिथेच वाया जातात. पॉवरपॉइंट उघडल्या उघडल्या पानाचा आकार घालावा. ए-झिरो म्हणजे 84.1 बाय 118.9 सेंटिमीटर. अर्थात आयोजकांनी दिलेलं माप वेगळं असेल तर तेच घ्यायचं. नेहमीच्या स्लाइडवर सगळं मांडून शेवटी ताणलं, तर अक्षरं टिकतात आणि फोटो फाटतात. व्हॉट्सॲपवरून आलेला 600 पिक्सेल रुंदीचा फोटो एक फूट रुंद छापला, तर इंचाला जेमतेम 50 ठिपके मिळतात आणि ब्युरेटवरचे आकडे धुरकट होतात. इंचाला 150 तरी हवेत. आलेखाचा स्क्रीनशॉट घेऊ नये. तो एक्सेलमधून थेट चिकटवावा किंवा एसव्हीजी स्वरूपात घ्यावा, म्हणजे कितीही मोठा केला तरी रेघ धारदार राहते. फ्लेक्सच्या दुकानात पीडीएफच द्यावी आणि तिच्यात फॉन्ट अंतर्भूत करावेत. नाहीतर दुकानातल्या संगणकावर जोडाक्षरं सुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. पडद्यावरचा झगमगीत हिरवा छापल्यावर मळकट येतो, हेही आधीच धरून चालावं.

छापायला देण्याआधीची एक चाचणी दोन रुपयांत होते. ए-झिरोचं पोस्टर ए-फोर कागदावर छापलं की लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते. 28 पॉइंटचं अक्षर 7 पॉइंटचं दिसतं. तो कागद हातात धरून वाचता आला नाही, तर मोठं पोस्टरही उभ्यानं वाचता येणार नाही. मग तोच कागद दुसऱ्या विषयाच्या मित्राला द्या आणि काय कळलं ते विचारा. त्याच्या तोंडून फ्रीज, टेबल आणि तीस टक्के हे आलं, तर खुशाल छापायला टाका. गाळलेला 36 आकड्यांचा तक्ता आणि रंगद्रव्याच्या प्रमाणीकरणाची रीडिंग मात्र फाइलमध्ये घालून पोस्टरशेजारी ठेवा. प्रश्न त्यांच्यावरच येतात.